व्यास ४०, वर +०.०११ आणि खाली ०.००५ : शाफ्टचं मिनिमम किती धरायचं?

औसेकर_टर्नर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी लातूरहून टर्नर ट्रेड करून आलोय, आता वाळूजला एका छोट्या शॉपमध्ये अप्रेंटिस आहे. दोन महिने झाले सीएनसी टर्निंगवर. आज एका जॉबवरून वाद झाला म्हणून विचारायलोय.

शाफ्टच्या एका टोकाला बेअरिंग बसते. तिथं ड्रॉइंगवर व्यास ४० लिहिलाय, शेजारी बारीक अक्षरात वर +०.०११ आणि खाली ०.००५. मी असं धरलं की दोन्ही मिळवायचे. म्हणजे मॅक्सिमम ४०.०११ आणि मिनिमम ४०.००५. त्या हिशोबानं चार जॉब लाल पेटीत टाकले. त्यांची मापं ४०.००३, ४०.००१, ३९.९९८ आणि ३९.९९६ आली होती. दुसऱ्या पाळीचे दादा आले आणि म्हणाले, "अरे पहिले दोन तर चांगले आहेत, कशाला फेकलेस?" कारण विचारलं तर म्हणाले, "खालचा आकडा मायनसच असतो." बाकीच्या दोन जॉबबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, पाळी सुरू झाली होती.

आता मला नक्की सांगा, मिनिमम कोणतं? आणि ते चार जॉब खरंच रिजेक्ट आहेत का?

---

वाळूज_पंढरपूर_फाटा | सोमवार, रात्री ९.५८

तुमचे दादा बरोबर आहेत. वरचा आकडा मिळवायचा, खालचा वजा करायचा. मी बारा वर्षं हेच करतोय. मॅक्स ४०.०११, मिन ३९.९९५. चारही जॉब ओके. सकाळी पेटीतून काढून घ्या.

---

बीडकर_फिटर | सोमवार, रात्री १०.०५

पण हे ०.०११ एका बाजूला आहे ना? शाफ्ट गोल आहे, दोन्ही बाजूंनी वाढणार. मग व्यासात ०.०२२ धरावं लागेल असं मला वाटतं.

---

वाळूज_पंढरपूर_फाटा | सोमवार, रात्री १०.०९

नाही भाऊ. आकडा व्यासाच्या पुढे लिहिलाय, म्हणजे तो व्यासालाच. दुप्पट करायचं नाही. मायक्रोमीटर पण दोन्ही बाजू धरूनच माप देतो.

---

निवृत्त_निदेशक_नांदेड | सोमवार, रात्री १०.३१

औसेकर, तुझा प्रश्न चांगला आहे आणि उत्तरही जवळपास मिळालं आहे. पण "खालचा नेहमी वजा करायचा" हा नियम मी माझ्या वर्गात कुणाला वापरू दिला नाही. तो आज तुझ्या कामी येईल आणि पुढच्या महिन्यात जॉब खराब करील.

आकडा वर आहे की खाली, यावरून मिळवायचं की वजा करायचं ते ठरत नाही. ते चिन्हावरून ठरतं. वर असतो तो मोठ्या मापाचा आकडा, खाली असतो तो लहान मापाचा. दोघांना आपापलं चिन्ह असतं आणि ते चिन्ह घेऊनच मूळ मापात जायचं. याच चाळीसच्या शाफ्टवर उद्या तुला वर +०.०१८ आणि खाली +०.००२ असं दिसलं, तर मिनिमम ४०.००२ होईल. तिथं वजा केलंस तर ३९.९९८ येईल आणि जॉब चार मायक्रॉनने बारीक होऊन बेअरिंग अपेक्षेपेक्षा ढिली बसेल. तसंच दोन्ही आकडे वजा असतील तर मॅक्सिममसुद्धा चाळीसच्या खाली जाईल.

आता तुझं ड्रॉइंग. तू लिहिलंस खाली "०.००५". चिन्हच नाही. तिथं थांबायला हवं होतं. ड्रॉइंगवर फक्त शून्य बिनचिन्हाचा लिहितात. बाकी कुठलाही आकडा असला तरी अधिक की वजा ते छापलेलं असतंच. त्यामुळे उघडा ०.००५ दिसला की समजायचं, काहीतरी पुसलं गेलंय. तू पाहतोयस ती मूळ प्रत आहे की झेरॉक्स?

---

औसेकर_टर्नर | सोमवार, रात्री १०.३८

सर, झेरॉक्सच आहे. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मशीनला लटकवलेली. त्यावर तेलाचे डाग पण आहेत. मी तो कागद उद्या उजेडात बघतो.

---

निवृत्त_निदेशक_नांदेड | सोमवार, रात्री १०.५२

बघच. तोवर एक पडताळा देतो. चाळीस हे माप ३० ते ५० च्या गटात येतं. या गटात सहा नंबरच्या ग्रेडची पट्टी १६ मायक्रॉनची असते, आपल्या आयएस ९१९ च्या तक्त्यात आहे. वर +०.०११ आणि खाली −०.००५ धरलं तर मधलं अंतर बरोबर ०.०१६ येतं. तक्त्यात छोटा जे आणि सहा या खुणेसमोर हेच दोन आकडे आहेत. तू धरलंस तसं दोन्ही अधिक धरलं तर अंतर फक्त ०.००६ उरतं. सहा मायक्रॉनची पट्टी साध्या टर्निंगवर कोणी मागणार नाही, तिथंच शंका यायला हवी.

तेव्हा कागदावर एक आडवी रेघ सापडेल असं मला वाटतं. मग हिशोब असा:

मॅक्सिमम : ४०.००० + ०.०११ = ४०.०११
मिनिमम : ४०.००० − ०.००५ = ३९.९९५

वजाबाकी करताना तिन्ही शून्य लिहूनच करायची. चाळीसमधून ०.००५ वजा करताना मुलं ३९.९५ लिहून मोकळी होतात, कधी ३९.५ सुद्धा. मी फळ्यावर कायम ४०.००० लिहायला लावायचो.

---

भोकरदनचा_शेतकरी | मंगळवार, सकाळी ६.१५

तुमचं बोलणं वाचून मला माझं विचारावं वाटलं. विहिरीवरच्या मोटारीची बेअरिंग सारखी ढिली होती. जालन्याला मोटार भरायला दिली तर त्यांनी शाफ्टवर पंच मारून बेअरिंग ठोकून बसवली. दोन महिन्यांत परत आवाज यायला लागला. बेअरिंग ६२०८ आहे. मिस्त्रीनं आता मोजलं तर शाफ्ट ३९.९६ भरला. हा चालेल का?

---

क्यूसी_ताई_चिकलठाणा | मंगळवार, सकाळी ८.२०

भोकरदनचे दादा, ६२०८ चं आतलं भोक चाळीसचंच असतं, त्यामुळे वरचाच हिशोब तुम्हाला जवळपास लागू पडतो. मिनिमम ३९.९९५ धरलं तर तुमचा शाफ्ट त्याच्याही खाली ०.०३५ ने बारीक आहे. साध्या बेअरिंगचं भोक चाळीसपासून खाली १२ मायक्रॉनपर्यंत असतं, म्हणजे अगदी लहान भोक मिळालं तरी ३९.९८८ चं. त्यातही तुमचा शाफ्ट जवळजवळ तीन शतांश ढिला राहणार.

पंच मारल्यावर जे उंचवटे येतात, बेअरिंग फक्त त्यांच्या टोकांवर टेकते. थोडे दिवस घट्ट वाटते. मोटार फिरली की ती टोकं दबतात आणि बेअरिंगचा आतला रिंग शाफ्टवर घसरायला लागतो. तुमचे दोन महिने असेच गेले असणार. ती जागा भरून घ्या, वेल्डिंगनं किंवा मेटल स्प्रेनं, आणि मग ग्राइंडिंग करून मापाला आणा. ग्राइंडिंगवाल्याला तोंडी "चाळीस" सांगू नका. कागदावर दोन्ही हद्दी लिहून द्या.

---

भोकरदनचा_शेतकरी | मंगळवार, सकाळी ८.३३

धन्यवाद ताई. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून घेतो. आमच्याकडं कुणी असं आकड्यात सांगत नाही, "बसतंय का बघ" एवढंच म्हणतात.

---

क्यूसी_ताई_चिकलठाणा | मंगळवार, सकाळी ८.५०

आता औसेकर, तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सरांनी हिशोब दिला तो बरोबर आहे, पण तुझ्या चार जॉबचा निकाल त्या हिशोबावर अजून लागलेला नाही.

पहिलं, तू कोणत्या मायक्रोमीटरनं मोजलंस? साधा ०.०१ चा असेल तर तिसरा दशांश तू अंदाजाने लिहिला आहेस. सोळा मायक्रॉनच्या पट्टीत दहा मायक्रॉनच्या रेघांनी मोजणं म्हणजे काहीच न मोजणं. दुसरं, जॉब चकमधून काढला की लगेच मोजलास का?

मी हे विचारते कारण आमच्याकडे एकदा पूर्ण ट्रे असाच गेला होता. ऑपरेटरने मशीनजवळ सगळे ओके लिहिले आणि माझ्या टेबलावर दुपारी निम्मे अंडरसाइज आले. तो म्हणे गेज खोटा, मी म्हणे माप खोटं. शेवटी एक जॉब मशीनमधून काढून दर पाच मिनिटांनी दोघांनी मिळून मोजला. समोर बसून माप उतरताना पाहिलं, तेव्हा वाद मिटला.

---

औसेकर_टर्नर | मंगळवार, सकाळी ९.०५

ताई, मायक्रोमीटर २५ ते ५० चा आहे, डिजिटल, ०.००१ दाखवतो. सकाळी २५ च्या रॉडवर शून्य बघून घेतो. आणि हो, जॉब काढला की लगेच मोजतो. हाताला चांगला कोमट लागतो. कुलंट बंद होतं, नोझल अडकलं होतं.

कागद आत्ता बघितला. मोबाइलचा टॉर्च लावला तर ०.००५ च्या आधी अगदी पुसट रेघ आहे, फोल्डरच्या घडीवरच आली आहे. सर, तुम्ही बरोबर होता.

---

वाळूज_पंढरपूर_फाटा | मंगळवार, सकाळी ९.१२

बघा, वजाच निघाला. चारही ओके.

---

क्यूसी_ताई_चिकलठाणा | मंगळवार, दुपारी १.१०

फाटा दादा, थांबा. कोमट जॉब आहे.

औसेकर, पोलाद तापलं की फुगतं. चाळीसच्या शाफ्टला दर दहा अंशांमागे साधारण साडेचार मायक्रॉन. तुझी पूर्ण पट्टी सोळाची. जॉब मायक्रोमीटरपेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर पट्टीचा चौथा हिस्सा नुसत्या उष्णतेनं खाल्ला. तुझा ३९.९९६ वाला जॉब गरम असताना मिनिममच्या फक्त एक मायक्रॉन वर होता. थंड झाल्यावर तो कुठे असेल?

ते चारही जॉब आमच्यासारख्या एखाद्या क्यूसीच्या टेबलावर रात्रभर ठेव, मायक्रोमीटर त्यांच्याशेजारी ठेव, आणि सकाळी हातरुमालाने धरून मोज.

---

बीडकर_फिटर | मंगळवार, दुपारी १.२५

ताई, मग आपल्याकडं मे महिन्यात शेडमध्ये चाळीस अंश असतात. माप तर वीस अंशाला धरतात म्हणे. मग उन्हाळ्यात सगळेच जॉब खोटे मोजले जातात का?

---

निवृत्त_निदेशक_नांदेड | मंगळवार, दुपारी २.४०

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. शेड तापलं तर जॉबबरोबर मायक्रोमीटरही तापतो, आणि तोही पोलादाचाच. दोघं सारखेच फुगतात, त्यामुळे पोलादी शाफ्टच्या बाबतीत चूक जवळजवळ फिटते. फक्त दोघं एकाच तापमानाला यायला वेळ द्यावा लागतो. बाधतो तो दोघांतला फरक. म्हणून मेमध्ये चाळीस अंशांच्या शेडमध्ये निवलेला जॉब बरा, आणि जानेवारीत मशीनमधून काढलेला गरम जॉब वाईट. हातात फार वेळ धरलेला मायक्रोमीटर पण तापतो, तेव्हा चूक उलट्या दिशेला जाते. ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा जॉब असला तर मात्र ही बरोबरी चालत नाही, ते धातू पोलादापेक्षा जास्त फुगतात.

---

ग्राइंडर_दादा_चितेगाव | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

मिनिमम मॅक्सिमम कळलं, पण मशीनवर कोणता आकडा धरून चालवायचं ते कोणी बोलत नाही. ड्रॉइंगवर ४० छापलंय म्हणून पोरं ४०.००० ला सेट करतात. इथं दोन्ही बाजू सारख्या नाहीत. वर अकरा जागा आहे, खाली पाचच. मधोमध येतं ४०.००३. चाळीसला सेट केलं की खालच्या कडेपासून पाचच मायक्रॉन राहतात.

मी तर ४०.००५ ला धरतो. वर गेला तर परत घासता येतो. खाली गेला तर भंगारात. पैसे कुठं जातात ते बघा.

---

वाळूज_पंढरपूर_फाटा | मंगळवार, संध्याकाळी ७.२२

ग्राइंडिंगला तुमचं ठीक असेल. टर्निंगला इन्सर्ट झिजत जातं तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. चाळीस पाचला सुरुवात केली तर थोड्याच जॉबमध्ये अकराच्या वर जाईल. मी नवीन इन्सर्टला ४०.००० च्या आसपास सुरू करतो आणि वाढू देतो. ४०.००८ आला की ऑफसेट कमी करतो.

---

ग्राइंडर_दादा_चितेगाव | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

आणि पहिलाच जॉब गरम मोजला असेल तर? चाळीसवर सुरू केलेला थंड झाल्यावर मिनिममच्या कडेला टेकला.

---

वाळूज_पंढरपूर_फाटा | मंगळवार, संध्याकाळी ७.३४

तेवढं मान्य. पहिला जॉब निवू देतो मग. पण सुरुवात वर करणार नाही मी.

---

निवृत्त_निदेशक_नांदेड | मंगळवार, रात्री ९.१५

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मशीन पाहिल्याशिवाय मी एकाच्या बाजूने बोलणार नाही. औसेकर, तू एवढंच कर: ऑफसेट बदलशील तेव्हा मधल्या ४०.००३ पासूनचा फरक काढ. निवलेला जॉब ४०.०१८ भरला तर ऑफसेटमध्ये वजा ०.०१५ टाकायचं. मशीन व्यासात चालत असेल तर पूर्ण पंधरा. अर्धे करायचे नाहीत. ही अर्ध्याची चूक बीडकरांच्या प्रश्नासारखीच, फक्त उलटी.

---

औसेकर_टर्नर | बुधवार, सकाळी ८.४०

रात्रभर चारही जॉब टेबलावर ठेवले होते, मायक्रोमीटर शेजारी. आत्ता मोजले, प्रत्येक तीन वेळा:

सोमवारी ४०.००३ होता तो ३९.९९९
४०.००१ होता तो ३९.९९७
३९.९९८ होता तो ३९.९९४
३९.९९६ होता तो ३९.९९२

सगळे चार-चार मायक्रॉनने उतरले. म्हणजे पहिले दोन ओके आहेत, ते मी उगाच लाल पेटीत टाकले होते. दुसरे दोन खरंच मिनिममच्या खाली आहेत. हिशोबाने मी ते चुकीच्या कारणाने टाकले आणि ते निघाले रिजेक्टच.

मग मी सोमवारी ओके म्हणून पुढे पाठवलेले जॉब आठवले. घाबरलो. त्यातले पाच अजून शॉपमध्येच होते. थंड मोजले, सगळ्यात लहान ४०.००२ आला. ते सगळे हद्दीत आहेत. मी ४०.००५ च्या खालचं काही सोडलं नव्हतं म्हणून वाचलो.

---

क्यूसी_ताई_चिकलठाणा | बुधवार, सकाळी ९.०२

शाब्बास. तीन वेळा मोजलंस हे सगळ्यात आवडलं. एक राहिलंय, ३९.९९४ वाला फक्त एक मायक्रॉनने खाली आहे. मायक्रोमीटरची स्वतःची चूक त्याहून जास्त असू शकते. तुमच्याकडे स्नॅप गेज असेल तर त्यावर टाकून बघ. गो बाजू मॅक्सिममची, ती शाफ्टवरून जायला हवी. नो गो बाजू मिनिममची, ती अडकायला हवी. नो गो आरामात उतरली तर जॉब गेला.

---

औसेकर_टर्नर | बुधवार, दुपारी १.३०

गेज मागवलं, दुसऱ्या शेडमध्ये होतं. ३९.९९२ वाल्यावर नो गो सरळ उतरला. ३९.९९४ वाल्यावर एका जागी अडकला, जॉब थोडा फिरवला की उतरला. सुपरवायझर साहेब म्हणाले बाजूला ठेव, पार्टीला विचारू.

---

ग्राइंडर_दादा_चितेगाव | बुधवार, दुपारी १.४५

फिरवल्यावर उतरला म्हणजे जॉब गोल नाही. एक मायक्रॉनचा प्रश्न मायक्रोमीटरचा नाही मग. त्याच जागी चार बाजूंनी मोजून आकडे टाक इथं.

---

निवृत्त_निदेशक_नांदेड | बुधवार, दुपारी २.१०

आणि चकची पकड किती ठेवली होती तेही लिही. पातळ भिंतीचा असेल तर पकड सुटल्यावर आकार बदलतो.

---

औसेकर_टर्नर | बुधवार, दुपारी २.१८

शाफ्ट भरीव आहे सर. पाळी संपली की चार बाजूंनी मोजून लिहितो. आज मशीनला नवीन झेरॉक्स लावली, त्यावर वजाची रेघ मी लाल पेनानं गडद केली होती. साहेब म्हणाले ड्रॉइंगवर पेन चालवायचा नाही, मूळ प्रतीवरून स्वच्छ काढून आणतो. ती आली की लावतो.